ते पिकणारच होतं

सुनिताच्या पिशवीत काय काय असतं, हे हेदमाळच्या वाडीतल्या पोराटोरांनासुद्धा पाठ होतं. झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, साबणाची वडी, लोहाच्या गोळ्या, मिठासाखरेची पाकिटं, आणि रबर लावून बंद केलेली एक जाडजूड वही. ती वर येताना दिसली की पोरं आधी पिशवीकडे बघत आणि मग तिच्या तोंडाकडे. तेरा वर्षं ती आशाताई होती. कशेळ्याच्या तिठ्यावर जीपमधून उतरायचं, आणि पुढे पाऊण तास चढ चढायचा. त्या चढाची तिला आता धाप लागत नसे. कोणत्या घरात कोणाला कितवा महिना लागलाय, कोणाच्या पोराचा कोणता डोस राहिलाय, हे तिला वही न उघडता सांगता येई. खालच्या आरोग्य केंद्रातल्या बैठकीत तिचं नाव चांगल्या कामासाठी घेतलं जाई, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडतही असे.

त्या शुक्रवारी सकाळी वाडीतल्या शुक्राचा फोन आला, तेव्हा ती पोळ्या लाटत होती. बायको, जिजा, मोकळी झाली, मुलगा झाला, असं तो म्हणाला. दवाखान्याची गाडी बोलावली होती, पण कळा इतक्या भरभर आल्या की गाडी वाडीखालच्या ओढ्याशी येईपर्यंत पोर बाहेर. सुनिता अर्धी कणीक तशीच झाकून निघाली.

नऊच्या आत ती वर पोचली. बाळ छान होतं, अडीच किलोला जरा वर. नाळ स्वच्छ होती, अंग गरम होतं, दूधही ओढत होतं. जिजा थकलेली, पण हसतमुख. घरात जन्मलेल्या बाळाच्या सात भेटी असतात : पहिला दिवस, तिसरा, सातवा, मग चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. सुनिताने पहिल्या भेटीचा कागद भरला आणि मग हळूच विषय काढला. काविळीची एक सुई असते, ती जन्मल्यापासून चोवीस तासांतच टोचावी लागते. गाडी ओढ्यापाशी उभीच आहे, तिच्यातूनच दोघांना खाली नेऊ, डॉक्टर जिजालाही तपासतील, संध्याकाळी परत.

शुक्राने आईकडे बघितलं. मंगळी, त्याची आई, चुलीपाशी पाठमोरी बसली होती. ती वळली नाही.

"नाय," एवढंच ती म्हणाली.

सुनिताने समजावलं, मग पुन्हा समजावलं. मंगळीने चुलीतलं लाकूड पुढे सारलं, राख बाजूला केली, आणि पुन्हा तेच. शुक्रा सुनिताला सोडायला अंगणापर्यंत आला. तो मोहोपाड्याकडे कारखान्याच्या ठेकेदाराकडे कामाला जाई, चार माणसांत वावरलेला. तो म्हणाला, माझा काही नकार नाही, ताई, पण आयच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही. ते चोवीस तास गेले, आणि त्या सुईचा रकाना कायमचा रिकामा राहिला.

तिसऱ्या दिवशी सुनिता पुन्हा गेली. बाळाचं वजन थोडं उतरलं होतं, ते उतरतंच. तिने जिजाला दूध पाजताना बाळाची मान कशी धरायची ते दाखवलं आणि जाता जाता म्हणाली, पुढच्या बुधवारी अंगणवाडीत सिस्टर येणार आहे. बाळ तेरा दिवसांचं असेल. पोलिओचे पहिले थेंब पंधरा दिवसांच्या आतच द्यायचे असतात, त्यामुळे हाच बुधवार. शिवाय डाव्या दंडावर बीसीजी, म्हणजे क्षयाची. मंगळी घराबाहेर निघून गेली.

असा नकार बाकीच्या वाडीत नव्हता. वाडीतली बाकीची पोरं येत, रडत, चॉकलेट घेऊन जात. हे एकच घर अडून होतं. चार वर्षांपूर्वी जिजाच्या थोरल्या मुलीला, रियाला, बीसीजी टोचली, आणि त्यानंतर त्या पोरीला एक थेंब की एक सुई मिळाली नाही. सुनिताने आरोग्य केंद्रात विचारलं, तर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की जबरदस्ती नको, घराला नक्की कशाची भीती वाटते ते आधी विचारा. सुनिताला मनातून हसू आलं. विचारायचं काय त्यात? तिला ठाऊकच होतं. म्हातारी हट्टी आहे.

सातव्या दिवशी, गुरुवारी, ती गेली तेव्हा मंगळी रानात गेलेली होती. जिजा पाटावर बसून बाळाला स्वतः न्हाऊ घालत होती. नुकती बाळंतीण, कंबर धरून, एका हाताने पाणी घेत, दुसऱ्या हाताने मान सांभाळत. सुनिताची नजर तशी बारीक. ती म्हणाली, "अगं, तू का? मंगळीआय कुठाय? तिच्यासारखं न्हाऊ घालणारं या वाडीत कोणी नाही. माझ्याच देखत तिने पाच-सहा पोरं न्हाऊ घातलीत."

जिजाने तांब्या खाली ठेवला. बाळाला फडक्यात घेतलं. मग म्हणाली, "आय हात लावत नाय त्याला."

"म्हणजे?"

"अजून घेतलंच नाय. कुणाचंच पोर घेत नाय ती. रियाचं झालं तवापासून." ती बाळाचं डोकं पुसत राहिली. "तुमीच बोल्ल्या होत्या ना, ताई. अंगणवाडीत. या हातांनी पोरीचा हात कुजवला म्हून."

सुनिताला आधी ते आठवेच ना. मग आठवलं, आणि आठवलं ते सगळं एकदम आठवलं.

रिया तेव्हा दोन महिन्यांची असेल. लसीकरणाचा दिवस, अंगणवाडीत दहा-अकरा बाया. मंगळी नातीला घेऊन आली, पुढच्या डोसच्या बरोबर ठरल्या तारखेला, कोणी बोलवायला न जाता. पोरीच्या दंडावरचं फडकं सोडलं तर खाली फोडांचा लाल चट्टा. बीसीजीच्या जागी गळू आलं, पिकलं, म्हणून मंगळीने बिबा तापवून त्याचं तेल लावलं होतं. हेदमाळला गाठीगळवांना बिबा लावतात, मोठ्यांच्या पायाला, पाठीला. महिन्या-दोन महिन्यांच्या पोरीच्या कातडीला तो कसा सोसावा? पोर तापाने फणफणलेली. आणि सुनिता सगळ्यांसमोर कडाडली होती. अडाणी आहात तुम्ही लोक, कितीही शिकवा. पोरीचा हात कुजवलास तू. ते बीसीजीचं गळू पिकतंच, आपोआप बरं होतं, त्याला काही लावायचं नसतं, एवढं साधं कळत नाही?

मंगळी उभी राहिली होती, हात पुढे धरून, जणू ते हात दुसऱ्याचे होते. त्या दिवशी ताप होता म्हणून पोरीला डोस दिलाच नाही. कशेळ्याच्या दवाखान्यात आठ दिवस मलमपट्टी झाली, पोर बरी झाली. त्यानंतर ते घर अंगणवाडीत आलं नाही.

जिजा बाळाला दुपट्यात गुंडाळत होती. तिने मान वर न करता विचारलं, अगदी साधेपणाने, भांडणासाठी नव्हे, "ताई, एक इचारू? ते पिकतं, हे आमाला तवा कुणी सांगितलं नव्हतं ना? मला आठवतच नाय. मी पोरीला घेऊनच बसले होते."

"सांगितलं असणार," सुनिता म्हणाली. "सगळ्यांनाच सांगतो आम्ही. तुम्ही विसरलात."

जिजाने तिच्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. असेल, म्हणाली.

तो उतार सुनिता कसा उतरली, तिचं तिलाच कळलं नाही. घरी येऊन तिने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. जुन्या वह्या ती टाकत नसे. रियाच्या बीसीजीच्या दिवसाचं पान सापडायला वेळ लागला नाही. तिच्याच अक्षरात नाव, तारीख, लस, आणि शेवटचा रकाना : चार संदेश दिले. तिथे ठसठशीत बरोबरची खूण.

चार संदेश म्हणजे काय, ते प्रत्येक आशाला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. आज कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते. तिच्यामुळे काय त्रास होऊ शकतो आणि तो झाला तर काय करायचं. पुढचा डोस कधी. आणि कार्ड जपून ठेवा, येताना घेऊन या. बोलायला दोन मिनिटं लागतात. बीसीजीचं तर एकच वाक्य : महिन्याभराने इथं लहानशी गाठ येईल, पिकेल, फुटेल, वण राहील, घाबरू नका, त्याला काही लावू नका.

त्या दिवशी ती वाक्यं बोलली गेली नव्हती. सुनिताला ते आता इतकं लख्ख आठवलं की तिने वही मिटली. त्या दिवशी खालापूरला तिच्या नणंदेचा साखरपुडा होता. नवी साडी पिशवीत, तिची घडी मोडू नये म्हणून वजनकाटा अंगणवाडीतच ठेवलेला. दीडची जीप गाठायची होती. रिया शेवटचं पोर होतं. सिस्टर डबा आवरत होती, पोरगी रडत होती, आणि सुनिताने सरळ खूण केली आणि निघाली. जीप मिळाली. साखरपुड्यात सगळे म्हणाले, साडी छान दिसते.

बारा पानं पुढे तिनेच लिहिलं होतं : घराचा नकार. कारण : अंधश्रद्धा.

आणि त्यावर आज, सात दिवसांच्या बाळासमोर, आणखी एक खोटं. विसरलात म्हणे. नवऱ्याने विचारलं, बरं नाही का, तर ती डोकं दुखतंय म्हणाली. डोकं दुखत नव्हतं. पाप केलं असतं तर निदान देवाला नारळ फोडता आला असता, असं तिच्या मनात आलं. हे पाप नव्हतं, हा आळस होता, आणि त्याची शिक्षा तिने दुसऱ्याच बाईला ठोकून दिली होती.

मंगळवारी, लसीकरणाच्या आदल्या दिवशी, ती पुन्हा चढ चढली. त्या दिवशी भेट नव्हती. पिशवीही घेतली नव्हती, आणि त्यामुळे पोरांना ती ओळखू यायला क्षणभर वेळ लागला. मंगळी अंगणात सुपाने नाचणी पाखडत होती. सुनिता तिच्या समोर जमिनीवर बसली. कसं सुरू करावं हे वाटेत दहादा घोकलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"मंगळीआय, रियाचा हात तू नाही बिघडवलास. मी बिघडवला."

सूप थांबलं नाही.

मग सुनिताने सगळं सांगितलं. जीप, साखरपुडा, खूण. आत जिजा ऐकत होती, दाराशी तिचं लुगड्याचं टोक दिसत होतं, म्हणून सुनिताने तेही सांगितलं, की गुरुवारी मी जिजाशी खोटं बोलले. मंगळीने सूप खाली ठेवलं, फोल एका बाजूला केलं, आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

"चार वर्सं मी कुणाचं पोर न्हाऊ घातलं नाय," ती म्हणाली. "ठाव हाय तुला? शेजारणीची लेक बाळंत झाली, तिनं बोलवलं, मी नाय गेले. तिला काय सांगू? माजे हात कुजवतात म्हून?"

"चुकलं माझं."

"हितं बोलून काय? हितं कोंबड्या ऐकतात." तिने पुन्हा सूप उचललं. "तवा तू अंगणवाडीत बोललीस. अकरा बाया होत्या. मी मोजल्या होत्या."

सुनिता म्हणाली की उद्या मी तिथेच सगळ्यांसमोर सांगेन. बाळाला आणायचं की नाही ते तुझ्यावर, मी काही त्यासाठी हे बोलत नाही.

"त्याच्यासाठीच बोलतीस," मंगळी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "नायतर चार वर्सं कुठं व्हतीस?"

खरोखरच, बाळ जन्मलं नसतं तर ती या अंगणात बसली असती का? उतरताना ती स्वतःशीच याचं उत्तर शोधत राहिली आणि जे सापडलं ते तिला आवडलं नाही.

बुधवारी साडेनऊला लसीचा डबा मोटारसायकलवरून ओढ्यापर्यंत आला, पुढे सिस्टरने आणि सुनिताने तो आळीपाळीने धरला. सिस्टरचं नाव तेजश्री, बदली होऊन आली त्याला वर्षही झालं नव्हतं. चुणचुणीत पोरगी, कायम हातातलं घड्याळ बघणारी. तिने बर्फाच्या पाकिटांत हात घालून गारवा तपासला, लस उष्णतेने बिघडली की काळवंडणारे बाटल्यांवरचे चौकोन बघितले, टेबलावर एका बाजूला सुया, एका बाजूला सुया कापायचं यंत्र मांडलं. यादी वाचली. आज बीसीजीला एकच नाव होतं, जिजाचं बाळ. ही बाटली दहा पोरांची असते, फोडून पाणी मिसळलं की चार तासांत संपवायची, उरलेली टाकायची. आलं नाही तर फोडायला नको, सिस्टर म्हणाली, पण आलं तर एकट्यासाठीसुद्धा फोडेन.

अकरा वाजेपर्यंत बाकी सगळ्या पोरांचं टोचून झालं. बाया भिंतीला टेकून अर्धा तास थांबल्या होत्या, टोचल्यावर थांबायचं असतं म्हणून. सुनिता सारखी दाराकडे बघत होती. मग तिला कुंपणापलीकडे मंगळी दिसली. हात पदराखाली. मागे शुक्रा, त्याच्यामागे बाळ छातीशी धरून जिजा, आणि जिजाच्या बोटाला रिया. आत यायचं की नाही, हे ठरलेलं नाही, हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

सुनिता उंबऱ्यात उभी राहिली. बैठकांत शंभर माणसांपुढे बोलायची तिला सवय होती. आज तिने आधी दाराची चौकट धरली.

"बायांनो, जरा ऐका," ती म्हणाली. "चार वर्षांमागे मी इथंच मंगळीआयला अडाणी बोलले होते. तुमच्यातल्या पुष्कळ जणी होत्या तेव्हा. अडाणी ती नव्हती. रियाला बीसीजी दिली तेव्हा ती जागा पुढे पिकते आणि तिला काही लावायचं नसतं, हे सांगणं माझं काम होतं. मी ते सांगितलं नाही. घाईत होते, नवी साडी नेसून खालापूरला समारंभाला जायचं होतं. आणि वहीत सांगितलं म्हणून लिहिलं. पिकलेलं बघून तिने तेच केलं जे तिच्या आईने तिला शिकवलं होतं. मग मी तिलाच फाडून खाल्लं, आणि वहीत अंधश्रद्धा लिहिलं."

एका म्हातारीने तोंडाला पदर लावला. भिंतीशी बसलेली एक बाई कुजबुजली, मग सगळ्यांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "म्हंजे साडीपायी पोरीचा दंड गेला." दोघी-तिघी हसल्या. ते हसणं सुनिताने तसंच उभ्या उभ्या अंगावर घेतलं. चार वर्षांपूर्वी मंगळीने तिचं कडाडणं घेतलं होतं, त्यापुढे हे काहीच नव्हतं. तेजश्री सिस्टर हातातलं पेन तसंच धरून तिच्याकडे बघत होती. हे आता वर कळणार, बैठकीत कुणी चांगल्या कामाचं नाव घेताना अडखळणार, हेही सुनिताला त्याच क्षणी कळलं.

मंगळी कुंपणाच्या आत आली. पण सुनितापाशी थांबली नाही. ती सरळ टेबलाशी गेली आणि सिस्टरला म्हणाली, "बाय, ही बोलते ते खरं काय? ते पिकतं?"

तेजश्रीने आपल्या ब्लाउजची बाही वर सरकवली आणि डाव्या दंडावरचा मटाराएवढा वण दाखवला. हे बघ आजी, माझंपण पिकलेलं. तिने समजावलं की ही लस अंगाला त्या खोकल्याच्या आजाराची ओळख करून देते, लहान पोरांच्या मेंदूत शिरणारा जो क्षय, त्यापासून वाचवते. अंग आतून तिच्याशी झगडायला शिकतं, त्याची ती खूण, म्हणून पिकतं. काखेत सुपारीपेक्षा मोठी गाठ आली किंवा जखम तीन महिन्यांतही भरली नाही तर मात्र खाली आणायचं.

"बिबा नाय?"

"नाही."

"हळद?"

"नाही. पाला नाही, तेल नाही, पट्टी नाही. अंघोळ घालायची, पाणी लागलं तर लागू दे. पिळायचं नाही, चोळायचं नाही."

"ताप आला तर?"

या सुईने सहसा येत नाही, सिस्टर म्हणाली. पण दीड महिन्यानंतरच्या सुईने एक-दोन दिवस येतो, मांडीला सूज येते. तेव्हा वजनावर मोजून तापाचं औषध मी देईन आणि सुनिताताई दुसऱ्या दिवशी येऊन बघेल. मंगळीने तेव्हा कुठे सुनिताकडे मान वळवली.

"येशील?"

"येईन."

"कुठं लगीन नाय ना?"

बाया पुन्हा हसल्या. सुनिताही हसली असती, पण तिला हसता आलं नाही. ती फक्त नाही म्हणाली.

मंगळीने पदराखालचे हात बाहेर काढले. त्या हातांना ती स्वतःच क्षणभर बघत राहिली. मग जिजापुढे धरले. जिजाने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग सासूकडे, आणि बाळ त्या हातांत ठेवलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा. मंगळीने खाली टेकत ते असं घेतलं, की जणू काल-परवाच शंभर पोरं घेतली होती. मानेखाली कोपर, पाय मांडीत दाबून, डावा दंड मोकळा.

सिस्टरने आधी तोंडात पोलिओचे दोन थेंब टाकले. बाळाने तोंड वाकडं केलं. मग बाटली फोडली, सोबतच्या कुपीतलं पाणी मिसळलं, बाटलीवर वेळ लिहिली. तान्ह्या पोराला निम्मीच मात्रा, तिने सांगितलं. बारीक सुई कातडीच्या वरच्या थरात तिरकी गेली आणि तिथे मुगाएवढा पांढरट फुगा उठला. बाळ रडलं. मंगळीने त्याला छातीशी धरून हलवलं, आणि गुणगुणायला लागली. कोणत्या गाण्याचा तो सूर होता कोण जाणे, चार वर्षांत वाडीत कोणी ऐकला नव्हता.

नंतर सुनिताने चारही संदेश सांगितले. एकेक करून, बोटांवर मोजत. संपल्यावर मंगळी म्हणाली, परत सांग. सुनिताने परत सांगितले. रियाबद्दल शुक्रानेच विचारलं, की हिचं सगळं गेलं ते गेलंच काय? सिस्टरने सांगितलं की वर्षाच्या आतले काही डोस आता देता येत नाहीत, पण गोवर-रुबेला, पोलिओ, घटसर्प-डांग्या खोकला यांचे उरलेले डोस पाच वर्षांच्या आत सुरू करता येतात. सुनिताने रियाचं नाव पुढच्या महिन्याच्या यादीत घातलं. कारणाच्या रकान्यात काय लिहावं म्हणून ती थांबली. मग लिहिलं : आशाने माहिती दिली नव्हती. सिस्टरने ते वाचलं आणि खाली आपली सही केली.

बेचाळिसाव्या दिवशी सातवी भेट होती. थंडी पडली होती, चढावर दव होतं. सुनिता पोचली तेव्हा मंगळी अंगणातल्या सपाट दगडावर पाय पसरून बसली होती, पायांच्या खळग्यात बाळ, बाजूला ऊन पाण्याचं पातेलं. शेजारणीची लेक आपलं पोर काखेत घेऊन बघत उभी होती, शिकायला आल्यासारखी. मंगळीचे हात भराभर चालत होते, पाठीवरून, गुडघ्यांवरून, कानामागून. डाव्या दंडाशी आले की मात्र ते अलगद बाजूने जात, पाण्याची धार तेवढी वरून सोडत.

तिथे एक लाल गाठ आली होती, टोकाला पिवळसर ठिपका.

शेजारणीची लेक म्हणाली, मावशे, पिकलं गं, काय तरी लाव की. मंगळीने तिच्या तोंडाकडे बघितलं, मग सुनिताच्या.

"त्याला हात लावायचा नाय," ती म्हणाली. "पिकंल, फुटंल, आपोआप भरंल. या बायनं सांगितलंय मला." आणि बाळाच्या डोक्यावर पाणी ओतता ओतता तिने पुढे जोडलं, "या वक्ताला सांगितलंय."

सुनिताने खाली वाकून पिशवीतून थर्मामीटर काढलं. काचेवर बोटांचे ठसे उमटले होते. ती ते पदराने पुसत राहिली, लागतं त्याहून जरा जास्त वेळ, आणि मग म्हणाली, पुढच्या बुधवारी तीन सुया आणि दोन प्रकारचे थेंब आहेत, आय. काय काय होतं, ते सांगते. ऐक.